रेघ वर चढली, तरी पुरवठा घटला

प्रश्न: सर, आमच्या वर्गातल्या फळ्यावरच्या आकृतीचा फोटो जोडलाय. द्राक्षाच्या पेट्यांचं उदाहरण आहे. एक रेघ तुटक काढून सरकवलीय आणि जुना बिंदू ‘स’ सोडून नवा बिंदू ‘स१’ आलाय. रेघ वर गेली म्हणजे पुरवठा वाढला ना? मग पेट्या ६० वरून ५० हजारांवर कशा आल्या? आणि भाव २०० चा २५० झालाय, तर भाव वाढला की पुरवठा वाढतो हा नियम इथं कुठं गेला? (बारावी कला, तासगाव तालुका)

उत्तर:

पुरवठा वाढलेला नाही, घटलेला आहे. तुटक रेघ डावीकडे सरकली आहे. पुरवठ्याची रेघ तिरकी चढती असल्यामुळे ती डावीकडे सरकवली की वर गेल्यासारखी दिसते, आणि वर्गातली निम्मी मुलं तिथंच फसतात. ‘स१’ चा अर्थ एवढाच की आता पेटीला २५० रुपये भाव असताना जेवढ्या पेट्या व्यापाऱ्यांना हव्या आहेत तेवढ्याच बागायतदार द्यायला तयार आहेत, आणि तो आकडा दिवसाला ५० हजार आहे. नियमही मोडलेला नाही. तो याच आकृतीत आहे, फक्त त्याला शोधावं लागतं. ते पुढं सांगतो.

आधी फोटोबद्दल. तुझा फोटो माझ्याकडे आडवा आला. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण या आकृतीत ती महागात पडते. सरळ रेघ काटकोनात फिरवली की उतरती रेघ चढती दिसते आणि चढती उतरती. म्हणजे फोटो आडवाच ठेवून वाचलास तर मागणी ती पुरवठा आणि पुरवठा ती मागणी होऊन बसते. आरशासारखा उलटा निघालेला फोटो असेल तरी तेच. म्हणून सगळ्यात आधी शून्याचा कोपरा शोधायचा. तो खाली डाव्या हाताला आला पाहिजे, उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्या अक्षावर नग आले पाहिजेत. तुझ्या सरांनी उभ्या अक्षावर ‘रुपये, ४ किलोची पेटी’ आणि आडव्यावर ‘हजार पेट्या, रोज’ असं लिहिलंय. फोटो सरळ केल्यावर ते नीट वाचता येतं.

आता कोणती रेघ सरकली ते बघ. डावीकडून उजवीकडे उतरणारी ‘मम’ ही मागणी, आणि ती एकच आहे. चढणाऱ्या रेघा दोन आहेत, अखंड ‘पप’ आणि तुटक ‘प१प१’. जिच्या दोन प्रती दिसतात तीच सरकलेली. बाण बघून ठरवू नको. घाईत काढलेले बाण कधी वरच्या दिशेनं तोंड करून असतात, कधी अर्धे पुसलेले असतात. तुझ्या फोटोतला बाण तर सरळ आकाशाकडे तोंड करून आहे आणि माझ्या मते तुझा सगळा घोळ त्या एका बाणानं केलाय.

सरकलेली रेघ नेहमी आडवी वाचायची. उभ्या अक्षावर २०० वर बोट ठेव आणि तिथून उजवीकडे सरळ जा. आधी तुटक रेघ लागेल, तिथून खाली उतरलास की ३० हजार पेट्या. आणखी उजवीकडे गेलास की अखंड रेघ, तिच्याखाली ६० हजार. म्हणजे भाव तोच २०० असताना पूर्वी बागायतदार ६० हजार पेट्या द्यायचे आणि आता फक्त ३० हजार देतात. हेच १२५ च्या वरच्या दुसऱ्या कुठल्याही भावाला करून बघ, दर वेळी ३० हजारांचाच फरक मिळेल. ‘प्रत्येक किमतीला पूर्वीपेक्षा कमी नग’ याला तुमच्या पुस्तकात पुरवठ्यातील ऱ्हास म्हटलंय. त्याचं कारण किमतीच्या बाहेरचं असतं. द्राक्षाच्या बाबतीत ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी झाला की घडकुज आणि डाऊनी, माल तयार होत आला असताना झाला की मणी तडकतात. भाव काही का असेना, तेवढे घड पेटीत जातच नाहीत.

उभी वाचायची म्हटली तर वाचता येते, पण मग तिचा अर्थ नीट सांगावा लागतो. ६० हजारांवरून सरळ वर जा. अखंड रेघ २०० ला लागते, तुटक रेघ २७५ ला. म्हणजे पाऊस झाल्यावरही बाजारात ६० हजारच पेट्या हव्या असतील तर बागायतदारांना पेटीमागे ७५ रुपये जास्त मिळाले पाहिजेत, तरच तेवढा माल निघेल. तडकलेले मणी घडातून कात्रीनं काढायला मजूर लागतात, फवारण्या वाढलेल्या असतात, एका पेटीसाठी जास्त घड चाळावे लागतात. ‘वर गेलेली रेघ’ ती हीच. त्याच मालासाठी विक्रेता जास्त पैसे मागतो, असा तिचा अर्थ. माल वाढला असा अर्थ तिच्यातून निघूच शकत नाही.

आता ‘स’ पासून ‘स१’ पर्यंत बाजार जातो कसा, ते. पाऊस झाला त्या दिवशी भाव २०० च आहे असं धर. व्यापाऱ्यांना ६० हजार पेट्या हव्यात, मिळतात ३० हजार. निम्म्यांचं काम होत नाही. गाडी लावून ठेवलेली असते, पुढच्या बाजाराला शब्द दिलेला असतो. मग बागेत सौद्याला आलेला एखादा व्यापारी २०० ला अडून न बसता २१० म्हणतो, शेजारच्या बागेत दुसरा २२० म्हणतो. इथं दोन गोष्टी एकदम व्हायला लागतात. भाव जसा चढेल तसे काही घेणारे गळतात आणि काही देणारे वाढतात. २२० ला मागणी ५६ हजारांवर आलेली असते आणि पुरवठा ३८ हजारांवर गेलेला असतो. तुटवडा ३० हजारांचा होता, तो १८ हजारांवर आला. २५० ला दोन्ही आकडे ५० हजारांवर भेटतात आणि ओढाताण थांबते. तिथं भाव आणखी चढवायची कुणाला गरज उरत नाही.

तुझा नियम नेमका याच चढणीत आहे. पावसानं रेघ ३० हजारांनी डावीकडे गेली, पण विकलेल्या पेट्या फक्त १० हजारांनी घटल्या. मधल्या २० हजार पेट्या आल्या कुठून? भाव २०० वरून २५० झाल्यामुळे आल्या. ‘प१प१’ या नव्या रेघेवरून ३० हजारांपासून ५० हजारांपर्यंत वर चढणं म्हणजेच भाव वाढला की पुरवठा वाढतो हा नियम. पुस्तकात त्याला पुरवठ्याचा विस्तार म्हणतात. ऱ्हास आणि विस्तार दोन्ही एकाच आकृतीत, एकामागून एक झालेत. तू फक्त दोन टोकांचे बिंदू बघितलेस, म्हणून दोन्ही मिळून उरलेली १० हजारांची घट तेवढी दिसली.

या २० हजार पेट्या प्रत्यक्षात कुठून येतात हे तासगावच्या पोराला मी वेगळं सांगायला नको, पण लिहितोच, कारण पुरवठ्याची रेघ चढती का असते याचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. बागायतदारापुढे दोन वाटा असतात, पेटी भरायची किंवा माल बेदाणा करायला शेडवर न्यायचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एका पेटीतला माल शेडवर गेला तर त्यातून किलोभर बेदाणा निघतो. पेटीचा भाव पडला की हिशोब बेदाण्याच्या बाजूनं झुकतो आणि घड रॅकवर जातात. पेटीचा भाव चढला की जो माल शेडवर न्यायचं ठरलं होतं त्यातलाही चांगला माल निवडून पेटीत भरला जातो. एरवी बाजूला टाकला असता असा घडही मणी काढून साफ करणं परवडायला लागतं. झाडाला एक घड नव्यानं लागत नाही, तरीही पेट्यांचा पुरवठा वाढतो तो असा.

मागणीकडे बघ. इथं परीक्षेत सगळ्यात जास्त गुण जातात. ६० चे ५० झाले म्हणून ‘मागणी घटली’ असं लिहिलं की चुकलं. ‘मम’ रेघ जागची हललेली नाही. घेणाऱ्यांची आवड, त्यांचं उत्पन्न, इतर फळांचे भाव यातलं काहीच बदललेलं नाही. फक्त भाव चढला म्हणून ते त्याच रेघेवरून वर सरकले आणि त्यांनी कमी पेट्या घेतल्या. याला मागणीचा संकोच म्हण. ऱ्हास म्हणू नको. हा फरक नुसता शब्दांचा वाटत असेल तर मुलं जे हमखास लिहितात ते वाच: ‘भाव वाढला, म्हणून मागणी घटली, म्हणून भाव परत उतरला.’ असं लिहायला लागलास तर गोल फिरत राहशील आणि कुठल्याच बिंदूवर थांबणार नाहीस. मागणीचा संकोच ‘स१’ च्या आत धरूनच ‘स१’ ठरलेला आहे. त्यामुळे भाव पुन्हा खाली यायला दुसरं कारण लागतं, उदाहरणार्थ मागास छाटणीच्या बागांचा माल सुरू होणं. तसं झालं तर पुरवठ्याची रेघ पुन्हा उजवीकडे सरकते आणि तिसरा बिंदू येतो.

नव्या बिंदूवरून आणखी एक गोष्ट काढता येते. ‘स’ ला रोजची उलाढाल ६० हजार गुणिले २००, म्हणजे १ कोटी २० लाख. ‘स१’ ला ५० हजार गुणिले २५०, म्हणजे १ कोटी २५ लाख. माल कमी, आणि सगळ्यांचे मिळून पैसे पाच लाखांनी जास्त. मागणी फारशी लवचिक नसली की असं होतं. भाव ज्या प्रमाणात चढला त्या प्रमाणात घेणारे गळाले नाहीत.

पण यावरून ‘पावसानं बागायतदारांचं भलं झालं’ असं उत्तर कुणी लिहिलं तर मी पूर्ण गुण देत नाही. ही बेरीज सगळ्या बागांची मिळून आहे. ज्याची बाग वाचली त्याला प्रत्येक पेटीमागे ५० रुपये जास्त मिळाले. ज्याचे घड कुजले त्याच्याकडे विकायला पेटीच नाही, त्याच्या दृष्टीनं भाव २५० काय आणि ४०० काय. शिवाय वाढलेल्या फवारण्यांचा आणि मजुरीचा खर्च या सव्वा कोटीतूनच जायचा आहे. संतुलन बिंदू म्हणजे मागणी आणि पुरवठा तिथं सारखे झाले, बस. तो भाव कुणाला परवडतो, खर्च भरून निघतो का, हे त्या ठिपक्यात लिहिलेलं नसतं. पुस्तकात संतुलन शब्द आला की मुलांना उगाचच सगळं ठीकठाक झाल्यासारखं वाटतं.

उलाढाल वाढेलच असंही नाही. ती मागणीची रेघ किती उभी आहे त्यावर ठरते. समज ‘मम’ बरीच पसरट असती, म्हणजे भाव दहा रुपये चढला की दोन हजारांऐवजी आठ हजार पेट्यांची मागणी कमी होत असती, कारण गिऱ्हाईक लगेच संत्र्याकडे किंवा केळीकडे वळतं. सुरुवात त्याच ‘स’ पासून, पाऊसही तोच, रेघही तेवढ्याच ३० हजारांनी डावीकडे. नवा बिंदू येईल २२५ रुपये आणि ४० हजार पेट्या. उलाढाल ९० लाख. एकाच पावसानं एका बाजारात उलाढाल पाच लाखांनी वाढली, दुसऱ्यात तीस लाखांनी पडली. म्हणून नुसती ‘पुरवठा घटला, किंमत वाढली, नग घटले’ एवढी तीन वाक्यं लिहून थांबू नको. किंमत किती वाढली आणि नग किती घटले याची वाटणी न सरकलेल्या रेघेचा उतार करतो, हे चौथं वाक्य हवं.

ही आकृती द्राक्षाला बरी बसते याचं एक कारण आहे. पेटी भरली की माल फार थांबत नाही, त्यामुळे आज निघालेला माल हाच जवळजवळ आजचा पुरवठा. हळदीला ती जशीच्या तशी लावायला जाऊ नको. हळद वर्षानुवर्षं ठेवता येते, आपल्या हरिपुरात त्यासाठी जमिनीत खोदलेली पेवं होती हे तू ऐकलंच असशील. तिथं आजचा पुरवठा म्हणजे आजचं पीक नसतं. पुढं भाव चढेल असं वाटलं की माल असूनही पोतं बाहेर निघत नाही, आणि पाऊसपाणी ठीक असताना रेघ डावीकडे जाते. बेदाण्याचंही शीतगृहांमुळे तसंच आहे.

आता तू प्रश्नात विचारलं नाहीस, पण घरी बाग असेल तर मनात आलं असेलच: पाऊस झाला, माल निम्म्यावर आला, तरी कित्येकदा भाव जागचा हलत नाही. मग आकृती खोटी का? आकृती ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ या अटीवर उभी आहे, आणि पावसात नेमकी तीच अट मोडते. पावसात सापडलेल्या मालाला गोडी कमी, टिकवण कमी, मणी तडकायची भीती. लांबच्या बाजारात पाठवायला व्यापारी कचरतो. त्यातच उत्तरेत थंडीचा कडाका असला तर तिकडे द्राक्षाला उठाव नसतो. ही सगळी किंमतीबाहेरची कारणं आहेत, म्हणजे ती मागणीची रेघच डावीकडे ढकलतात.

तुझ्याच आकृतीत हे करून बघू. पुरवठा ३० हजारांनी डावीकडे गेलेलाच आहे. मागणीही प्रत्येक भावाला ३० हजारांनी कमी कर. २०० ला पूर्वी ६० हजार हव्या होत्या, आता ३० हजार. आणि २०० ला पुरवठाही आता ३० हजारच आहे. म्हणजे नवा बिंदू २०० रुपये आणि ३० हजार पेट्या. पेट्या निम्म्या, भाव तोच, उलाढाल १ कोटी २० लाखांवरून ६० लाख. ‘माल नाही तरी भाव नाही’ ही तक्रार या आकृतीत एका ठिपक्यावर बसते.

यातून उलट दिशेनंही वाचता येतं. आधीचा आणि आताचा भाव आणि नग एवढंच हाती असेल तर कोणती रेघ सरकली ते ओळखता येतं, पण अर्धंच. भाव वर आणि नग खाली गेले तर पुरवठ्याची रेघ डावीकडे गेली हे नक्की. दोन्ही खाली गेले तर मागणीची रेघ नक्की डावीकडे गेली. पण दोन्ही बाबतींत दुसरी रेघ अगदी स्थिरच होती असं मात्र त्या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. फळ्यावर अख्ख्या रेघा दिसतात, बाजारात फक्त ठिपके दिसतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: बाजारातले भाव आणि नग जोडून जी रेघ निघते ती मागणीची की पुरवठ्याची, हे कोणती रेघ जास्त हलली त्यावर अवलंबून असतं. तुझे दोन ठिपके ‘स’ आणि ‘स१’ जोडले तर मात्र मागणीचीच रेघ मिळते, कारण सरांनी फक्त पुरवठा हलवलाय.

वहीत आकृती पुन्हा काढ, फोटोवरून उतरवू नको. मागणीसाठी दोन बिंदू पुरे: १०० रुपयांना ८० हजार आणि ३०० रुपयांना ४० हजार. जुन्या पुरवठ्यासाठी १०० ला २० हजार आणि २०० ला ६० हजार, नव्यासाठी २०० ला ३० हजार आणि ३०० ला ७० हजार. बाण काढशील तो आडवा, डावीकडे तोंड करून. मग मागणीची रेघ ३० ऐवजी १५ हजारांनी डावीकडे सरकवून बघ. नवा बिंदू २२५ रुपये आणि ४० हजार पेट्यांवर आला तर रेघा बरोबर आल्यात. ४५ हजार आलं तर मागणीची रेघ सरकवताना जास्त उजवीकडे राहिली आहे, पट्टी पुन्हा लाव.